गाठ एकीची, तपासणी साऱ्या घराची

थायरॉईडचा कॅन्सर म्हटलं की डॉक्टर बहुधा धीर देतात. ‘ऑपरेशन होईल, मग किरणोत्सर्गी आयोडीनचा डोस, आणि पुढे रोज एक गोळी.’ हा धीर बहुतेक रुग्णांच्या बाबतीत खराच असतो. पण शंभरातल्या तीन ते पाच रुग्णांच्या रिपोर्टवर ‘मेड्युलरी कार्सिनोमा’ असे शब्द असतात, आणि तिथून पुढचं सगळं गणित बदलतं. आयोडीनचा उपयोग नसतो, आणि एका माणसाची फाईल उघडली की मागोमाग भावंडांच्या आणि मुलांच्या फायली उघडाव्या लागतात.

असं का, हे कळायला या ग्रंथीत डोकवावं लागतं. थायरॉईडमध्ये बहुसंख्य पेशी आयोडीन ओढून घेऊन टी-थ्री, टी-फोर बनवणाऱ्या. त्यांच्या अधेमधे, विशेषतः दोन्ही पाळ्यांच्या वरच्या-मधल्या भागात, अगदी थोड्या वेगळ्या पेशी असतात. त्यांना सी-पेशी म्हणतात. त्या राहतात थायरॉईडमध्ये, पण थायरॉईडचं काम करत नाहीत. आयोडीनला शिवत नाहीत, टीएसएचचं ऐकत नाहीत. मेड्युलरी कॅन्सर या पेशींचा. म्हणूनच या रुग्णाचा टी-थ्री, टी-फोर, टीएसएचचा रिपोर्ट सरळ नॉर्मल येऊ शकतो, आणि ‘थायरॉईड तपासलंय, सगळं ठीक आहे’ या समजुतीवर वर्षं निघून जातात.

सी-पेशी कॅल्सिटोनिन नावाचं हार्मोन बनवतात. कॅनडाच्या हॅरल्ड कॉप यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते शोधलं. हाडांतून कॅल्शियम बाहेर पडण्याला ते लगाम घालतं. पण माणसाच्या शरीरात हे खातं जवळजवळ नावापुरतंच असावं. थायरॉईड पूर्ण काढलेल्या माणसाचं कॅल्सिटोनिनवाचून काही अडत नाही, आणि या कॅन्सरमध्ये ते हजारांवर गेलं तरी रक्तातलं कॅल्शियम घसरत नाही. शरीराला फारसा उपयोग नसलेलं हे हार्मोन डॉक्टरांच्या मात्र फार कामाचं, कारण सी-पेशी वाढल्या की रक्तात ते वाढतं.

एक घर डोळ्यांसमोर आणू. घर कल्पित आहे, पण यातली प्रत्येक गोष्ट अशा कुटुंबांत घडते. ३८ वर्षांच्या बाईंच्या गळ्याला दोन सेंटीमीटरची गाठ. सुईने पाणी काढून तपासलं तर रिपोर्ट ‘संशयास्पद’. सुईच्या तपासणीत हा कॅन्सर पुष्कळदा निसटतो, तेव्हा संशय आला की रक्तातलं कॅल्सिटोनिन बघावं लागतं. बाईंचं निघालं १,१८० पिकोग्रॅम. निरोगी प्रौढात ते साधारण दहाच्या आत असतं, बायकांत त्याहून कमी. आता हा आकडा दहाच्या थोडा वर, वीस-पंचवीस असता तर घाई करून चाललं नसतं. मूत्रपिंड निकामी झालं असेल, ॲसिडिटीच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू असतील, तरी तो थोडा चढतो. तान्ह्या बाळांत तर मुळातच जास्त असतो. पण हजाराच्या पुढचा आकडा अशा कारणांनी समजावता येत नाही. शिवाय पाचशेच्या वर गेलं की कॅन्सर गळ्याबाहेर, म्हणजे यकृत, फुप्फुसं, हाडं इथे गेलाय का, तेही स्कॅन करून बघतात. बाईंना वर्षभर पातळ जुलाब होत होते आणि त्या पोटाची औषधं घेत होत्या. कॅल्सिटोनिन फार वाढलं की जुलाब होतात, हे तोवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

घाई इथे महागात पडते. गाठ सापडली, उद्या ऑपरेशनला घ्या, असं करायचं नसतं. आधी विचारायचं, घरात कोण कशाने गेलं? बाईंची आई बेचाळिसाव्या वर्षी पिशवीच्या ऑपरेशनच्या टेबलावर गेली होती. भूल दिल्यावर बीपी भलतंच चढलं आणि हृदय थांबलं. घरात ते ‘नशीब’ म्हणून मिटलं होतं. या आजाराच्या डॉक्टराला मात्र ते ऐकताच मूत्रपिंडावरची ॲड्रिनल ग्रंथी आठवते. तिथे फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ असेल, तर ती ॲड्रिनलीनसारखी रसायनं रक्तात सोडते. एरवी धडधड, घाम आणि डोकेदुखीचे झटके येतात आणि जातात, पण भूल किंवा ऑपरेशनच्या ताणात ती जीव घेऊ शकते. बाईंच्या रक्तातली मेटानेफ्रिन तपासली. ती वाढलेली होती. स्कॅनमध्ये उजव्या ॲड्रिनलवर तीन सेंटीमीटरची गाठ. मग क्रम ठरला. दोनेक आठवडे अल्फा ब्लॉकर गोळ्यांनी बीपी ताब्यात आणायचं, सोबत मीठ-पाणी भरपूर, मग दुर्बिणीने ॲड्रिनलची गाठ काढायची. गळ्याला हात त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की काय होतं, ते त्यांच्या आईच्या बाबतीत झालं.

थायरॉईडचा मेड्युलरी कॅन्सर आणि ॲड्रिनलची गाठ एका माणसात असतील, आणि काहींत गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथीही वाढून कॅल्शियम चढत असेल, तर त्या जोडगोळीला मल्टिपल एंडोक्राइन निओप्लाझिया टाईप टू म्हणतात. बोलताना डॉक्टर ‘मेन-टू’ म्हणतात. याचं मूळ दहाव्या गुणसूत्रावरच्या रेट नावाच्या जनुकात आहे, हे १९९३मध्ये सिद्ध झालं. हे जनुक पेशीच्या पृष्ठभागावर बसणारं एक प्रथिन बनवतं. बाहेरून संदेश आला की ते पेशीला ‘वाढ’ म्हणतं, संदेश संपला की गप्प बसतं. या घरात त्या प्रथिनाच्या ६३४ क्रमांकाच्या जागचं एकच अमिनो आम्ल बदललेलं आहे. तिथे सिस्टीन हवं. सिस्टीन शेजारच्या सिस्टीनशी जोडी बांधून असतं. ते गेलं की उरलेलं सिस्टीन मोकळं राहतं आणि दुसऱ्या प्रथिनाच्या तशाच मोकळ्या सिस्टीनशी चिकटतं. दोन प्रथिनं अशी कायमची जुळली की दारावरच्या बेलचं बटण आत अडकून बसल्यासारखं होतं. बाहेर कुणी नाही, आणि आत घंटा थांबत नाही.

अशा माणसाच्या प्रत्येक अपत्याला तो बदल मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा-मुलगी भेद नाही, आणि पिढी गाळली जात नाही. मेड्युलरी कॅन्सरच्या चार रुग्णांत साधारण एक असा आनुवंशिक असतो. ‘आमच्या घरात कुणालाच नाही’ असं सांगणाऱ्यांतही काहींत रेटचा बदल सापडतो, म्हणून या कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाची रेट तपासणी करायची असा नियम आहे.

जनुक सापडण्याआधी घरच्यांना कसं तपासत? १९७०च्या सुमारास बोस्टनच्या डॉक्टरांनी एका मोठ्या कुटुंबाला बोलावून कॅल्सिटोनिन मोजायला सुरुवात केली आणि गळ्याला गाठ हाती लागण्याआधीच कॅन्सर पकडला. पुढे पेंटागॅस्ट्रिनचं इंजेक्शन देऊन सी-पेशींना डिवचायचं आणि कॅल्सिटोनिन किती उसळतं ते बघायचं, ही रीत रुळली. इंजेक्शननंतर छाती आवळल्यासारखी होई, मळमळे. आणि हे पोरांना दरवर्षी. त्यात एक खोट होती. काही निरोगी माणसांतही सी-पेशी जरा जास्त असतात आणि चाचणी ‘चढते’. रेटची तपासणी आल्यावर हॉलंडमधल्या कुटुंबांत असं दिसलं की चाचणीवर भरवसा ठेवून थायरॉईड काढलेल्यांपैकी काहींत तो बदल मुळी नव्हताच. माझ्या मते, जनुकाची तपासणी का हवी याचं यापेक्षा चांगलं उत्तर नाही. कॅल्सिटोनिन आज सी-पेशी किती वाढल्यात ते सांगतं. उद्या वाढतील की नाही, ते रेट सांगतं.

आपल्या बाईंच्या घरी पाळी आली भावाची आणि दोन मुलांची. १२ वर्षांच्या मुलात बदल नाही. त्याची सुटका झाली. दरवर्षी रक्त नाही, सोनोग्राफी नाही, आणि पुढे त्याच्या मुलांनाही काही तपासावं लागणार नाही. ७ वर्षांची मुलगी मात्र आईवर गेली. गळा हाताला साफ, सोनोग्राफी साफ, कॅल्सिटोनिन १२. मुलगी अंगणात लंगडी खेळतेय आणि डॉक्टर थायरॉईड काढा म्हणतात, हे आईबापांना पचणं सोपं नाही. पण ६३४च्या बदलात कॅन्सर लहानपणीच सुरू होऊ शकतो, म्हणून ऑपरेशन पाचव्या वर्षापर्यंत सुचवतात. आकडा चाळीसच्या आत आणि सोनोग्राफीत लिम्फ गाठी नाहीत, तेव्हा नुसती थायरॉईड काढून भागतं, आजूबाजूच्या लिम्फ गाठींना हात लावावा लागत नाही. यात धोका आहे तो दुसरा. लहान मुलांच्या पॅराथायरॉईड इवल्याशा असतात, त्या दुखावल्या तर जन्मभर कॅल्शियमच्या गोळ्या. म्हणून अशी ऑपरेशनं वरचेवर करणाराच सर्जन शोधावा. थायरॉक्सिनची गोळी तर तिला रोज लागणारच.

सगळे बदल सारखे नसतात, हेही सांगायला हवं. ९१८ क्रमांकाचा बदल असेल तर पहिल्या वर्षातच ऑपरेशन सुचवतात. त्या मुलांच्या ओठांवर, जिभेवर बारीक गाठी दिसतात, आणि बहुतेकदा आईबापांत तो बदल नसतो. काही सौम्य बदलांत मात्र कॅल्सिटोनिन चढेपर्यंत थांबता येतं.

भाऊ ३४ वर्षांचा. ‘मला काही होत नाही’ म्हणून तो महिनोन्‌महिने टाळत राहिला. शेवटी आला तेव्हा बदल होता आणि कॅल्सिटोनिन ६४. त्याची थायरॉईड आणि गळ्यातल्या मधल्या लिम्फ गाठी काढल्या. तीन महिन्यांनी कॅल्सिटोनिन मोजता येण्याइतकंही उरलं नव्हतं. बाईंचं ऑपरेशननंतर ९० राहिलं. म्हणजे कुठेतरी सी-पेशी आहेत. दीडशेच्या आत असला तर हा ऐवज बहुधा गळ्यातच असतो, आणि स्कॅनमध्ये दिसेलच असं नाही. आता त्यांचा आकडा दर सहा महिन्यांनी बघायचा. तो किती दिवसांत दुप्पट होतो, यावर पुढचं ठरतं. सहा महिन्यांच्या आत दुप्पट झाला तर लक्षण चांगलं नाही. तसं झालंच तर सेल्परकॅटिनिबसारखी, रेटलाच आवरणारी औषधं आता आहेत.

मुलीची ॲड्रिनल अकराव्या वर्षापासून दरवर्षी मेटानेफ्रिनने तपासायची. पुढे ती मोठी झाली, लग्न ठरलं, दिवस राहणार असले, तर त्याआधी ही तपासणी नक्की, कारण बाळंतपणातला फिओक्रोमोसायटोमा आई आणि मूल दोघांनाही घातक ठरू शकतो.

उरले मावशी आणि मामा. आईची भावंडं पुण्यात आणि गोव्यात विखुरलेली, त्यांची मुलं आणखी लांब. त्यांना फोन करणं हे काम डॉक्टर करू शकत नाही, ते घरच्यांनाच करावं लागतं. फोन करताना ‘कॅन्सरची टेस्ट करून घ्या’ एवढंच सांगू नये. बाईंच्या रेट रिपोर्टची प्रत पाठवावी. त्यावर `c.1900T>C` असं लिहिलेलं असतं. पूर्ण जनुक वाचण्याऐवजी नातेवाइकांच्या रक्तात लॅबला तेवढी एकच जागा बघायची असते, त्यामुळे तपासणी स्वस्त पडते आणि ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं स्वच्छ उत्तर मिळतं. हा कागद हाताशी नसेल, तर मामांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.