मॉन्टू आणि इंटरफेरॉन गॅमा चाचणी : ‘पॉझिटिव्ह’चा अर्थ

रुग्णालयातील कर्मचाऱ्याचा मॉन्टूचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला की औषध सुरू करावे का, हा प्रश्न लगेच आपल्यासमोर येतो. या चाचण्या क्षयरोगाचे निदान करीत नाहीत. शरीराने क्षयजंतूची ओळख ठेवली आहे, एवढेच त्या सांगतात.

मॉन्टूत ०.१ मि.लि. ट्युबरक्युलिन अग्रबाहूच्या त्वचेत टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी हाताला लागणारा कठीण उंचवटा हाताच्या आडव्या दिशेने मोजतात. भोवतालची लाली मोजणे ही नेहमीची चूक होय. आरोग्यसेवकात १० मि.मी. वा अधिक उंचवटा पॉझिटिव्ह मानतात. मात्र बीसीजी लस व वातावरणातील इतर मायकोबॅक्टेरिया यांमुळेही तो उठू शकतो. इंटरफेरॉन गॅमा रक्तचाचणीत वापरलेली प्रथिने बीसीजीच्या जंतूत नसल्याने लसीमुळे ती पॉझिटिव्ह होत नाही.

आमच्या पाहण्यातील एक उदाहरण घेऊ. सव्वीस वर्षांची परिचारिका, जन्मतः बीसीजी घेतलेली; नोकरीतील तपासणीत मॉन्टू १४ मि.मी. भरली. त्याच वाचनाच्या दिवशी घेतलेल्या रक्तात इंटरफेरॉनचे मूल्य ०.४२ आले, क्वांटिफेरॉन पद्धतीत मर्यादा ०.३५ आंतरराष्ट्रीय एकक प्रति मि.लि. आहे. रक्त त्याच दिवशी घेणे महत्त्वाचे, कारण मॉन्टूनंतर तीन दिवसांहून अधिक काळ गेल्यास ट्युबरक्युलिनमुळेच हे मूल्य वाढू शकते.

आम्ही प्रथम खोकला, ज्वर, रात्रीचा घाम व वजनातील घट यांविषयी विचारले, काहीही नव्हते. छातीचे क्ष-किरण चित्र स्वच्छ होते. लक्षणे किंवा छायेत दोष असता, तर थुंकीची जनुकीय तपासणी करावी लागली असती. सक्रिय रोग नाही, हे ठरल्यावर मूल्याकडे वळलो. मर्यादेच्या अगदी जवळचे आकडे एकाच व्यक्तीत कधी वर, कधी खाली जातात. म्हणून छातीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने चाचणी पुन्हा केली; मूल्य ०.१९ आले. अलीकडे क्षयरुग्णाचा निकट संपर्क वा प्रतिकारशक्ती घटविणारा आजार नसल्याने प्रतिबंधक औषध न देता लक्षणांवर लक्ष ठेवण्याचे तज्ज्ञांनी ठरविले.

मूल्य ०.४२ ऐवजी ४ असते, किंवा घरात थुंकी-पॉझिटिव्ह रुग्ण असता, तर निर्णय बदलला असता. त्या वेळी सक्रिय रोग नाही याची खात्री करूनच सहा महिने आयसोनियाझिड किंवा आठवड्यातून एकदा अशा बारा मात्रांचा रिफापेंटिन-आयसोनियाझिड क्रम देतात. सक्रिय रोग लपून असताना एकट्या आयसोनियाझिडने जंतू त्या औषधाला दाद देईनासा होतो. यकृतावरील परिणामासाठी रुग्णाने मद्य टाळावे, आणि आपणही चालू असलेली सर्व औषधे, आपली कल्पे धरून, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावीत.

मॉन्टू उपचारानंतरही बहुधा पॉझिटिव्हच राहते. म्हणून ती पुन्हा करून ‘बरा झाला का’ हे पाहू नये; पुढील वर्षी लक्षणेच विचारावीत.