सेवेत असताना नोकराचे निधन : वारसांचे देणे

अहिल्यानगरच्या कापडबाजारातील पंचवीस नोकरांची एखादी पेढी घ्या. तेथील विक्रेता तीन वर्षांच्या सेवेनंतर निवर्तला. पाच वर्षे भरली नाहीत, म्हणून ग्रॅच्युइटी नाही, असे मालक प्रामाणिकपणे समजतात. परंतु मृत्यूच्या प्रसंगी ही अट लागू नाही. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये असतील, तर २६ ने भागून १५ ने गुणावे. वर्षाचे ९,००० आणि तीन वर्षांचे २७,००० रुपये होतात.

खरा घोळ नामनिर्देशनात होतो. अविवाहित असताना त्याने भावाचे नाव दिले होते. विवाह होताच ते भविष्य निर्वाह निधीत आणि ग्रॅच्युइटीतही आपोआप निरर्थक ठरले. कागदावर मात्र भावाचेच नाव राहते, आणि पत्नीला खेटे घालावे लागतात. शिवाय निधीशी संलग्न विमा असतो, कमाल सात लाखांपर्यंत. त्याचा हप्ता मालकच भरतो, त्यामुळे पुष्कळ घरांना त्याचा पत्ताच नसतो.