अंकीय स्वाक्षरीचा सातबारा आणि नोटिशीची बजावणी

पनवेल तालुक्यातील एखाद्या खातेदाराच्या पश्चात वारसनोंद झाली, मुलांची नावे लागली आणि विवाहित कन्येचे नाव राहून गेले, तर तलाठ्याच्या अंकीय स्वाक्षरीचा जो सातबारा तिच्या हाती पडतो, तो तिला बंधनकारक ठरतो काय? माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 याच्या कलम 5 अन्वये ही स्वाक्षरी हस्ताक्षराच्या तोडीची खरी. परंतु ती सही करणाऱ्याची ओळख पटविते आणि त्यानंतर दस्तात फेरफार झालेला नाही एवढेच सांगते, मूळ नोंद सत्य असल्याची हमी मात्र देत नाही. छापील प्रतीची खातरजमा तीवरील पडताळणी क्रमांक महाभूमी संकेतस्थळावर घालून करावी. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 याचे कलम 157 नोंद खरी मानते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच; आणि कलम 150 प्रमाणे नोंद चावडीवर लावून शिवाय हितसंबंधितांना लेखी कळविणे आवश्यक असल्याने, त्या कन्येला नोटीस पोहोचलीच नसेल तर तिच्या तक्रारीचे बळ माझ्या मते येथेच आहे. मंडळ अधिकाऱ्याच्या प्रमाणनाविरुद्ध तिने उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावे. मुदत 60 दिवसांची आहे, आणि ती उलटली असल्यास विलंबमाफीच्या अर्जात नोंद केव्हा व कशी कळली हे तारखेनिशी लिहावे.