मार्शमेलो: सगळी मदार फेटण्यावर

मार्शमेलो म्हणजे साखरेच्या पाकात कोंडलेली हवा. ही हवा धरून ठेवतं ते जिलेटिन. ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढतात, म्हणून हा पदार्थ शाकाहारी नाही. चायना ग्रास घालून तसाच होईल, असंही समजू नये. जिलेटिन तोंडातल्या उबेनं विरघळतं, चायना ग्रासला त्यासाठी उकळीच्या जवळपास उष्णता लागते.

वीस सेंटिमीटरच्या चौकोनी डब्यासाठी २० ग्रॅम जिलेटिन पावडर मोठ्या भांड्यात १०० मिली गार पाण्यावर भुरभुरावी आणि दहा मिनिटं फुगू द्यावी. दुसरीकडे ३०० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज आणि १०० मिली पाणी उकळत ठेवावं. ग्लुकोजमुळे साखरेचे खडे परत धरत नाहीत. पाक गोळीबंद हवा, म्हणजे थर्मामीटरवर ११५ अंश. थर्मामीटर नसेल तर गार पाण्यात थेंब टाकून पाहावा, बोटांत त्याची मऊ गोळी वळली पाहिजे. पाक कच्चा राहिला तर वड्या ओलसर, चिकट होतात. जिलेटिन मात्र पाकाबरोबर उकळू नये, त्यानं त्याची पकड कमी होते. पाक मिनिटभर खाली उतरवून ठेवावा आणि बीटर हळू चालू ठेवून बारीक धारेनं जिलेटिनवर ओतावा. हा पाक अंगावर उडाला तर चिकटून बसतो आणि खोल भाजतो. मुलांना त्या वेळी ओट्यापासून लांबच ठेवा.

आता वेग वाढवून दहा-बारा मिनिटं फेटायचं. इथेच बहुतेकांची घाई होते. चार-पाच मिनिटांत मिश्रण पांढरं दिसू लागतं, पण ते अजून गरम आणि पातळ असतं. तेव्हाच थांबलं तर बुडबुडे वर चढून फुटतात आणि तळाशी रबरासारखा घट्ट थर बसतो. फेटताना मिश्रण निवतं, निवता निवता जिलेटिन आळू लागतं आणि आत शिरलेली हवा अडकून राहते. भांडं हाताला जेमतेम कोमट लागलं आणि बीटरवरून पडणारी जाड पट्टी क्षणभर तशीच दिसत राहिली, की पुरे. व्हॅनिला आत्ता घालावा. याहून जास्त फेटलं तर मिश्रण डब्यात पसरवताच येत नाही.

डब्याला आधी तेलाचा हात फिरवून समप्रमाणातलं कॉर्नफ्लोअर आणि पिठीसाखर भुरभुरावी. मिश्रण ओतून वरूनही तेच चाळावं आणि रात्रभर बाहेरच ठेवावं. फ्रिजमधून काढल्यावर त्यावर पाणी सुटतं. सकाळी तेल लावलेल्या सुरीनं वड्या कापून प्रत्येक कापलेली बाजू त्याच पिठात घोळवावी. नुसती पिठीसाखर वापरू नये, ती ओल ओढून पाझरते. कॉर्नफ्लोअर ती ओल शोषून घेतं. तरीही कोकणातल्या पावसाळ्यात वड्या चिकटायच्याच. पहिला प्रयत्न हिवाळ्यातल्या कोरड्या दिवशी करा.