चार वाक्यांत संशोधन

गोषवारा लिहायला बसलं की बहुतेकांची पहिली दोन वाक्यं विषयाचं महत्त्व सांगण्यातच संपतात. संपादकाने दिलेली शब्दमर्यादा तिथेच निम्मी खर्च होते आणि शेवटी उरतं ते 'निष्कर्षांची चर्चा केली आहे' असं पोकळ वाक्य. चर्चा केली, पण निघालं काय?

गडचिरोलीतल्या अभय बंग आणि सहकाऱ्यांचा 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला अभ्यास घेऊ. त्याचा गोषवारा मी असा लिहीन: 'घरीच दिलेल्या सेवेने नवजात बालमृत्यू कमी होतात का, हे तपासायचं होतं. 39 गावांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी घरी जाऊन बाळांची काळजी घेतली, जंतुसंसर्गावर उपचारही केले; तुलनेसाठी 47 गावं होती. तिसऱ्या वर्षी सेवेच्या गावांत हजार जन्मांमागे मृत्यू 62 वरून 25.5 वर आले, तुलनेच्या गावांत 57.7 वरून 59.6 झाले, निव्वळ घट 62.2 टक्के. अशी सेवा खेड्यात शक्य आहे आणि ती बाळं वाचवते.'

तिसरं वाक्य सर्वात लांब आहे, ते मुद्दाम. नुसतं '62 वरून 25.5' लिहिलं असतं, तर वाचक म्हणाला असता, त्या वर्षांत सगळीकडेच मृत्यू घटले असतील. तुलनेचे आकडे शेजारी आले की ती शंका मिटते. नुसती टक्केवारीही फसवी. चारावरून दोनावर आले तरी घट पन्नास टक्केच.

मी हे वाक्य आधी लिहितो, उद्देशाचं नंतर.