लाल रंग फक्त अंतर सांगतो

काकूंना रक्त पहिल्यांदा दिसलं ते न्यू जर्सीत. लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, वय छप्पन्न. तिथे शौचानंतर पाणी नाही, कागद. ऑक्टोबरातल्या एका सकाळी त्या कागदावर जुन्या आठाण्याएवढा लालभडक डाग दिसला. लेक ओली बाळंतीण, जावयाला कसं सांगायचं, आणि तिथल्या डॉक्टरांच्या बिलाची धास्ती वेगळीच. ब्रेड-चीज खाऊन पोट कडक झालंय, उष्णता वाढलीय, असं त्यांनी स्वतःशीच ठरवलं आणि रात्री सब्जा भिजत घातला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. काकू मात्र खऱ्या आहेत.)

माझ्या ओपीडीत त्या पोचल्या पुढच्या जूनमध्ये, आठ महिन्यांनी. मधल्या काळात मेडिकलवाल्याने दिलेली मलमाची ट्यूब, ओळखीतल्या कुणीतरी सुचवलेलं सुरण आणि ताक, सगळं करून झालं होतं. डाग कधी दिसे, कधी पंधरा-पंधरा दिवस गायब. “मूळव्याधच आहे हो, आईलाही होती,” त्या म्हणाल्या. बरोबर होतं त्यांचं. मूळव्याध होतीच.

मूळव्याध म्हणजे बाहेरून उगवलेली वस्तू नव्हे. गुदद्वाराच्या आत, कडेपासून दोनेक सेंटीमीटरवर, प्रत्येक माणसाला जन्मतःच रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात, साधारण तीन. नळाच्या तोटीत वॉशर असावा तशा त्या दार घट्ट मिटायला मदत करतात. वर्षानुवर्षं कुंथून, बैठ्या कामाने, गरोदरपणाने त्यांना धरून ठेवणारे धागे सैल पडतात, गाद्या खाली सरकतात आणि कडक मळाने खरचटतात. त्यांच्यात धमनी आणि शीर थेट जोडलेल्या असतात, त्यामुळे येणारं रक्त काळपट नसतं. ते ताजं, लालभडक असतं आणि थेंबथेंब किंवा कधी पिचकारीसारखं येतं. बहुधा दुखत नाही, कारण या गाद्या ज्या भागात असतात तिथल्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही.

दुखतं ते फिशर, म्हणजे त्याखालच्या नाजूक कातडीला पडलेली चीर. काच गेल्यासारखं वाटतं, नंतर तासभर आग होते, आणि माणूस दुसऱ्या दिवशी शौचाला जायचंच टाळतो. आपल्याकडे दोन्हीला मूळव्याध म्हणायची पद्धत आहे. तिशीच्या आतल्या ज्या मुलांना “मूळव्याध” असते, त्यांतल्या बऱ्याच जणांना खरं तर फिशर असतं.

मग लालभडक रक्त म्हणजे निर्धास्त राहायचं का? इथेच गफलत होते. रक्ताचा रंग कारण सांगत नाही, तो फक्त अंतर सांगतो. जठरातलं रक्त आतड्यातून इतका लांबचा प्रवास करून येतं की वाटेत ते पचतं, काळं, डांबरासारखं चिकट आणि घाण वासाचं होतं. शेवटच्या वीतभर भागातलं रक्त लाल राहतं, कारण त्याला काळं पडायला वेळच मिळत नाही. पण त्या वीतभर भागात गाद्या आहेत तसं मलाशयही आहे, आणि मलाशयातल्या गाठीतून रक्त आलं तर तेही तसंच लाल दिसतं. कागदावरच्या डागाकडे बघून दोन्हींत फरक करणं मलाही जमत नाही.

“रक्त अधूनमधून थांबतं, म्हणजे साधंच असणार,” हेही नेहमी ऐकू येतं. मूळव्याध थांबते हे खरं. पण गाठही रोज रक्त सोडत नाही. तिचा पृष्ठभाग कधी खरचटतो, कधी खपली धरतो. त्यामुळे मलम लावलं आणि रक्त थांबलं, एवढ्यावरून मलमाने काम केलं असं म्हणता येत नाही.

काकूंना मी विचारलं, “दिवसातून किती वेळा जाता शौचाला?”

“एकदाच.” मग थोडं थांबून, “म्हणजे सकाळी तीन-चारदा जावं लागतं. पण खरी होते ती एकदाच. बाकी नुसतंच बसायचं. थोडा शेंबडासारखा चिकटा पडतो आणि उठलं की परत वाटतं, साफ झालं नाही.”

मूळव्याधीत माणूस आपल्या वेळेला जातो, काम होतं, नंतर रक्त पडतं. शौचाचं वेळापत्रक तिच्यामुळे सहसा बदलत नाही. मलाशयात गाठ असली की ती आत अडकलेल्या मळासारखी भासते. शरीर तिला बाहेर ढकलायला बघतं, आणि पदरी पडतो चिकटा आणि थोडं रक्त. आपल्याकडे याला आव म्हणतात आणि आवेवरच्या गोळ्या देतात. आमांश खरोखरच होतो, पण तो काही दिवसांत गोळ्यांनी बरा होतो. तीन-चार आठवडे चालू राहिलेली, गोळ्यांचे दोन कोर्स होऊनही न हटलेली आव ही आव नसू शकते.

मग त्यांच्या पिशवीतले जुने कागद काढले. अमेरिकेला जाण्याआधी, ऑगस्टमध्ये केलेल्या तपासणीत हिमोग्लोबिन १२.६ होतं. जूनमध्ये मी केलं तेव्हा ९.२. “दम लागतो थोडा, पण वय झालं ना,” म्हणाल्या. पाळी थांबून पाच वर्षं झाली होती.

इथे थोडं गणित करावं लागलं. कागदावरच्या डागात एक मिलीलीटर रक्त धरलं, तरी ते सढळ हाताने धरलेलं. आठवड्याला दोनदा डाग, म्हणजे आठ महिन्यांत साठ-सत्तर मिलीलीटर. रक्तदानाच्या वेळी आपण एका बैठकीत ३५० मिलीलीटर देतो आणि चहा-बिस्कीट घेऊन घरी जातो. सत्तर मिलीलीटरने कुणी पांढरंफटक पडत नाही. उलट बाजूने पाहू. काकूंच्या शरीरात अंदाजे चार लीटर रक्त. हिमोग्लोबिन १२.६ वरून ९.२ वर यायला त्या चार लीटरमधलं चौथ्या हिश्श्याहून अधिक, म्हणजे साधारण एक लीटर रक्तातलं हिमोग्लोबिन जायला हवं. खाण्यातून रोज मिळणारं लोह काही तूट भरून काढतं, म्हणजे खरी गळती त्याहून जास्तच. दिसलेलं सत्तर मिलीलीटर आणि गेलेलं एक लीटर. मग उरलेलं कुठून गेलं?

मळात मिसळून. गाठीचं बरंचसं रक्त मळात मुरतं, डोळ्यांना वेगळं दिसतच नाही. तुम्ही-आम्ही तर पाण्याने धुणारे. तांब्याभर पाण्यात डाग वाहून जातो आणि कुणी मागे वळून बघतही नाही. काकू अमेरिकेला गेल्या नसत्या तर त्यांना ते अजून कित्येक महिने कळलं नसतं. मूळव्याधीनेही हिमोग्लोबिन उतरू शकतं, पण तेव्हा गळती डोळ्यांसमोर असते. भांडं लाल होतं, कपडे खराब होतात. चार डागांवर अ‍ॅनिमिया टाकून मोकळं होणं हा हिशेबच चुकीचा.

तपासणीत बोट घातलं तेव्हा काही लागलं नाही. हे वाचकांना चमत्कारिक वाटेल, पण बोटाने मूळव्याध सहसा कळत नाही. गाद्या मऊ असतात, दाबल्या की पसरतात. बोट घालतात ते दुसरं काही कडक लागतंय का हे पाहायला, आणि बोट पोचतं सातेक सेंटीमीटर. मग प्रॉक्टोस्कोप घातला. हे आखूड नळीसारखं यंत्र आपल्याकडे नवं नाही. सुश्रुतसंहितेत अर्शोयंत्राचं वर्णन आहे, गाईच्या सडासारख्या आकाराचं आणि पुरुषांसाठी चार अंगुळं लांब. आजच्या प्रॉक्टोस्कोपची लांबीही साधारण त्याच घरातली. त्यातून काकूंच्या दोन फुगलेल्या गाद्या स्वच्छ दिसल्या, एकीवर खरचटल्याची खूणही होती.

इथे थांबायचा मोह मोठा असतो. कारण सापडलं, रुग्णही “मी म्हटलंच होतं” म्हणून खूश, डॉक्टरांची पुढची केस दारात उभी. पण चाळिशीनंतर कुणाचीही तपासणी केली तर मूळव्याध सापडण्याची शक्यता चांगलीच असते, मग त्रास असो वा नसो. आणि मलाशय आहे बारा ते पंधरा सेंटीमीटर. चार अंगुळांपलीकडे काय आहे ते सुश्रुताच्या नळीला दिसत नव्हतं, माझ्याही नाही. दारात चोर सापडला म्हणून माजघर बघायचं नाही, असा हा प्रकार.

कोलोनोस्कोपी केली. आदल्या संध्याकाळपासून पोट साफ करायचं औषध दोन-अडीच लीटर पाण्यातून, त्याबद्दल काकूंनी मला अजून माफ केलेलं नाही. दुर्बीण आत गेली आणि अकराव्या सेंटीमीटरवर, बोटाच्या आणि प्रॉक्टोस्कोपच्या दोन्हींच्या पलीकडे, मलाशयाच्या भिंतीवर कडा उचललेला एक व्रण दिसला. तुकडा तपासला. कर्करोग. सीटी आणि एमआरआयमध्ये तो भिंतीबाहेर फार पसरलेला नव्हता.

प्रत्येक लाल डागामागे दुर्बीण लावायची का? नाही. पंचविशीतला मुलगा, दोन दिवस पोट कडक, जाताना काच गेल्यासारखं दुखलं आणि कागदावर रेघ आली, तर त्याला बाहेरून बघून इसबगोल, भरपूर पाणी आणि कोमट पाण्याच्या टबात बसणं पुरतं. चार ते सहा आठवड्यांत रक्त थांबायला हवं. नाही थांबलं तर आत बघायचं, वय काहीही असो. चाळिशी-पंचेचाळिशी उलटलेल्याला पहिल्यांदाच रक्त दिसलं, आईवडील-भावंडांपैकी कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, वजन उतरलं असेल, किंवा काकूंसारखी तीन-चारदा जायची पाळी येत असेल, तर मलमाची ट्यूब संपायची वाट बघण्यात अर्थ नाही. हा म्हातारपणाचा आजार, हेही आपल्याकडे तितकंसं खरं नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये तपासलेल्या मोठ्या आतड्याच्या आणि मलाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांचं सरासरी वय पन्नाशीच्या आत निघालं होतं. काळं डांबरासारखं शौच, रक्ताच्या गाठी पडणं, घेरी येणं, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना रक्त येणं, यात ओपीडीच्या वेळेचीही वाट बघायची नसते. बीट खाल्लं असेल तर मात्र आधी कालचं जेवण आठवा. त्या रंगाने घाबरून आलेले मी कितीतरी पाहिले आहेत.

काकूंची शस्त्रक्रिया झाली. मलाशयाचा वरचा भाग काढून आतडं खाली जोडलं, कायमची पिशवी लावावी लागली नाही. दोन वर्षांनंतरचं हिमोग्लोबिन १२.१ आहे. नातू आता चालतो, बोलतो, आणि या डिसेंबरात त्या परत न्यू जर्सीला निघाल्या आहेत. मूळव्याधीला आम्ही हात लावला नाही. ती आहे तिथेच आहे, आणि काकू रोज रात्री एक चमचा इसबगोल घेतात.