डिस्चार्ज कार्डावरचं १-१-०

हृदय कमजोर झालेले आजोबा घाटकोपरच्या घरी परततात. कार्डावर असतं : फ्युरोसेमाइड ४०, १-१-०. घरच्यांसाठी ते असं लिहावं : ‘लघवीची गोळी. एक सकाळी ८ वाजता, एक दुपारी २ वाजता. रात्री नाही.’ रात्री घेतली तर लघवीला सारखं उठावं लागतं, अंधारात तोल जातो.

पुढची ओळ वजनाची. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी वजन करून कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, साठलेलं पाणी. पायांवर सूज दिसायची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बसल्या जागी धाप लागली, तर मात्र थेट १०८.

कागद देताना सूनबाईंना विचारावं, ‘दुसरी गोळी किती वाजता द्याल?’ ‘जेवणानंतर’ असं मोघम उत्तर आलं, तर ती ओळ पुन्हा लिहावी.